घरबसल्या पैसे बुडवा : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

पूर्वी पैसे बुडवायला फार खटपट पडायची. पतपेढीचा जिना चढा, एजंटाला घरी चहाला बोलवा, त्याच्या मेव्हण्याशी आपलं गाव जुळतंय का बघा, पावत्या फायलीत लावा आणि मग चार-पाच वर्षं वाट बघा. तेव्हा कुठे एके दिवशी कार्यालयाच्या शटरला कुलूप दिसायचं. ज्यांनी सागवानाच्या झाडांत पैसे घातले त्यांना निदान झाडांचे रंगीत फोटो मिळाले, ज्यांनी इमूत घातले त्यांना इमू बघायला मिळाला. आता एवढा वेळ कुणाला आहे? आता हेच काम अंथरुणात पडल्या पडल्या, अंगठ्याने, तासाभरात उरकतं. ज्यांना अजून जमलेलं नाही त्यांच्यासाठी ही छोटी मार्गदर्शिका.

साधन म्हणून आपण मीम कॉइन घेणार आहोत. मीम कॉइन म्हणजे ज्याच्यामागे धंदा नाही, कारखाना नाही, सोनं नाही, फक्त एक विनोद, एक चेहरा किंवा एक घोषणा आहे असं डिजिटल नाणं. ते काढायला टांकसाळ लागत नाही. सोलानासारख्या ब्लॉकचेनवर नाव, चित्र आणि एकूण संख्या भरली की पाच-दहा मिनिटांत शंभर कोटी नाणी तयार होतात आणि खर्च हॉटेलातल्या जेवणाएवढाही येत नाही. नाणी पाडणं हे मुळी कामच नाही. काम आहे ते त्यांच्या बदल्यात खरे पैसे घेणं, आणि तिथेच तुमची गरज लागते.

तयारीत सर्वांत महत्त्वाचा आहे गजर. हा पहाटे साडेतीनचा लावावा. कारण असं, की या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग 14 फेब्रुवारी 2025 रोजी अर्जेंटिनात झाला आणि ब्युनॉस आयर्समध्ये संध्याकाळचे सात वाजून एक मिनिट झालं तेव्हा आपल्याकडे शनिवार उजाडायचा होता, घड्याळात 3 वाजून 31 मिनिटं झाली होती. झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं हिशेबाला बसत नाही, घरात विचारायला कुणी जागं नसतं आणि बँकेची शाखा बंद असते. याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही.

त्या मिनिटाला अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी आपल्या एक्स खात्यावर एक पोस्ट टाकली. देशातल्या लहान उद्योगांना आणि नव्या कंपन्यांना पैसा पुरवणारा एक खासगी प्रकल्प सुरू होत आहे, नाण्याचं नाव लिब्रा, असं तिच्यात होतं. सोबत प्रकल्पाच्या साइटचा दुवा आणि नाण्याचा ब्लॉकचेनवरचा पत्ता, म्हणजे कुणाला शोधाशोध करायला नको. नाणं त्याच्या काही मिनिटंच आधी पाडलेलं होतं. साइटचं नावही त्या दिवशी काही तासांपूर्वी नोंदवलेलं होतं. आपल्याकडे बारशाआधी निदान बारा दिवस जातात.

नवशिक्याने इथे एक नियम पाठ करावा : माणूस जितका मोठा, तितका आपण कमी विचार करायचा. राष्ट्राध्यक्ष, त्यातून अर्थशास्त्रज्ञ, त्यातून टीव्हीवर गाजलेले. मग नाण्याकडे बघायचं कशाला? आणि समजा राष्ट्राध्यक्ष हाताशी नसले तरी अडत नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत हेली वेल्च नावाच्या तरुणीचं ‘हॉक’ नाणं आलं. रस्त्यावर घेतलेल्या एका मुलाखतीतल्या एका चावट शब्दामुळे ती प्रसिद्ध झाली होती, भांडवल एवढंच. ते नाणं कागदोपत्री 49 कोटी डॉलरच्या आसपास जाऊन काही तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त पडलं. त्या रात्री ऑनलाइन बैठकीत लोकांनी आणि कॉफीझिला या यूट्यूबरने प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली की मी आता झोपायला जाते, उद्या भेटू. तो उद्या पंधरा-सोळा दिवसांनी उगवला. पुढे खटला झाला तो नाणं काढून देणाऱ्यांवर, तिच्यावर नाही. चेहरा भाड्याने दिलेला असतो हे इथे लक्षात येतं. मात्र खरेदीच्या वेळी येता कामा नये.

आता मुख्य भाग. घाईत असलेल्यांनी तो वाचला नाही तरी चालेल, किंबहुना पैसे बुडवायचे असतील तर वाचूच नये.

शेअर बाजारात तुम्ही विकता तेव्हा समोर घेणारा कुणीतरी असतो. मीम कॉइनच्या बाजारात माणूस नसतो, हौद असतो. इंग्रजीत त्याला पूलच म्हणतात. या हौदाचे दोन कप्पे असतात : एकात नवं नाणं, दुसऱ्यात डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, म्हणजे यूएसडीसीसारखं. हाच तो ‘लिक्विडिटी पूल’. तुम्ही डॉलरच्या कप्प्यात पैसे टाकता आणि नाण्याच्या कप्प्यातून नाणी उचलता. भाव ठरवायला दलाल नाही, एक साधं सूत्र आहे :

```
x × y = k
```

x म्हणजे हौदातली नाणी, y म्हणजे हौदातले डॉलर आणि त्यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. हे सातवीच्या मुलाला समजतं, म्हणून ते जाहिरातीत कधी सांगत नाहीत.

करून बघू. समजा कुणी शंभर कोटी नाणी पाडली. त्यातली फक्त दहा लाख हौदात टाकली, सोबत स्वतःचे दहा हजार डॉलर टाकले. बाकीची 99 कोटी 90 लाख नाणी आपल्याच वेगवेगळ्या पाकिटांत ठेवली. हौदात एका नाण्याला एक सेंट हा भाव झाला. दहा लाख गुणिले दहा हजार, म्हणजे गुणाकार एक हजार कोटी. आता तुम्ही येता, पहाटे साडेतीनला, आणि दहा हजार डॉलर टाकता. डॉलरचा कप्पा वीस हजारांवर गेला. गुणाकार तोच राहायचा तर नाण्यांच्या कप्प्यात पाचच लाख उरली पाहिजेत. उरलेली पाच लाख तुमची झाली. तुम्हाला सरासरी दोन सेंटला एक पडलं, पण हौदातला ताजा भाव आता चार सेंट आहे. म्हणजे पडद्यावर तुमचे दहा हजारांचे वीस हजार झाले, तेही अजून चूळ भरायच्या आत.

या ठिकाणी स्क्रीनशॉट काढावा. नंतर उपयोगी पडतो.

आता ‘मार्केट कॅप’ नावाचा आकडा बघा, कारण बातम्यांत तोच येतो. एका नाण्याचा भाव गुणिले एकूण नाणी. चार सेंट गुणिले शंभर कोटी, म्हणजे चार कोटी डॉलर. तुमच्या आधी तो एक कोटी होता. तुम्ही टाकले दहा हजार आणि आकडा वाढला तीन कोटींनी! गावात एका पडीक तुकड्याची एक गुंठा जमीन कुणीतरी हौसेने चढ्या भावाने घेतली की सगळा तालुका कागदावर श्रीमंत होतो, तशातला प्रकार. हौदात खरे पैसे किती आहेत? वीस हजार डॉलर. साधारण सतरा लाख रुपये. चार कोटी डॉलरच्या त्या नाण्यातून सगळ्या जगाने मिळून बाहेर काढायचे म्हटले तरी सतरा लाखांच्या वर एक छदाम निघणार नाही, कारण तिथे तेवढेच आहेत.

आणि हौदाची चावी कुणाकडे? ज्याने तो भरला त्याच्याकडे. हौद भरणाऱ्याला एक पावती मिळते, तिला एलपी टोकन म्हणतात. ती पावती परत केली की दोन्ही कप्प्यांत जे असेल ते त्याच्या हवाली होतं. विचारपूस नाही, सही नाही, सोमवारी या नाही. मधल्या काळात तुमचे दहा हजार तिथे जमा झालेले असतात, तेही जातात. यालाच त्या जगात ‘रग पुल’ म्हणतात, पायाखालची सतरंजी ओढणं. आपल्याकडे सतरंजी ओढल्यावर माणूस पडतो आणि ओढणारा समोर हसत उभा असतो. इथे तो उभाही नसतो.

चलाख वाचक म्हणेल की मग पावती कुलपात घालायला लावू. असं कुलूप असतं खरं : पावती ठरावीक मुदतीपर्यंत एका स्वयंचलित करारात अडकवता येते, किंवा ज्याची चावी कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर पाठवून ‘जाळता’ येते. ते केलेलं असलं तर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं आणि आपण ते बघून निश्चिंत व्हावं. फक्त एक छोटा हिशेब करू नये. निर्मात्याच्या पाकिटांत जी 99 कोटी 90 लाख नाणी आहेत, त्यातली फक्त 95 लाख त्याने त्याच हौदात विकली असं धरा. नाण्यांचा कप्पा पाच लाखांवरून एक कोटीवर गेला. गुणाकार कायम, म्हणून डॉलरच्या कप्प्यात उरले एक हजार. एकोणीस हजार डॉलर तो घेऊन गेला. कुलूप जागच्या जागी, पावती जळलेली, आणि एकूण नाण्यांपैकी एक टक्काही खर्ची पडलेला नाही. घराला कडी घातली होती, पण चोर घरातच राहत होता.

अर्जेंटिनात याच्याही पुढची गंमत होती. आपल्या उदाहरणातल्या निर्मात्याने निदान स्वतःचे दहा हजार डॉलर हौदात टाकले. लिब्राचे हौद मेटिओरा नावाच्या सोलानावरच्या बाजारात उघडले गेले, तिथे एकाच कप्प्यात माल ठेवायची सोय आहे. नाणी ठेवा, डॉलरचा कप्पा रिकामा ठेवा. घेणारे येतील तसतसा तो आपोआप भरेल. म्हणजे दुकान उघडताना गल्ल्यात सुट्टे पैसेही ठेवायचे नाहीत, गिऱ्हाईकच गल्ला भरणार. राष्ट्राध्यक्षांची पोस्ट पडल्यावर गिऱ्हाइकांची रांग लागली आणि तासाभराच्या आत कागदी किंमत साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास गेली. त्या वेळी बबलमॅप्स या विश्लेषक मंडळींनी पाकिटांचे धागेदोरे काढून दाखवले होते की 82 टक्के नाणी एकमेकांशी जोडलेल्या पाकिटांच्या एकाच घोळक्यात आहेत. हे कुणालाही बघता येत होतं. पण पहाटे कोण बघतो?

मग गल्ला उचलला गेला. साखळीवरचे व्यवहार जाहीर असतात, म्हणून आकडे नेमके आहेत : लुकऑनचेन या पाहणाऱ्यांच्या नोंदीनुसार निर्मात्यांशी संबंधित किमान आठ पाकिटांनी हौद भरणे, उपसणे आणि त्यावरची फी वसूल करणे या मार्गाने 5 कोटी 76 लाख यूएसडीसी आणि 2 लाख 49 हजार 671 सोल, असे मिळून सुमारे 10 कोटी 70 लाख डॉलर बाहेर काढले. आपल्या भाषेत नऊशे कोटी रुपयांच्या वर. नाणं काही तासांत नव्वद टक्क्यांहून जास्त पडलं. मोठी उलाढाल केलेल्या पाकिटांचा हिशेब पुढे नॅन्सन या संस्थेने मांडला : त्यातली 86 टक्के तोट्यात, एकूण तोटा 25 कोटी 10 लाख डॉलर. उरलेल्यांनी कमावले. कारण अशा खेळात पैसा नाहीसा होत नाही, फक्त उशिरा आलेल्याच्या खिशातून आधी आलेल्याच्या खिशात जातो. आधी म्हणजे किती आधी, तर काही पाकिटं पहिल्या काही सेकंदांतच खरेदी करून मोकळी झाली होती. त्यांनी गजर लावला नव्हता. त्यांना वेळ माहीत होती.

मिलेई यांनी मध्यरात्र उलटल्यावर पोस्ट काढून टाकली. आपल्याकडे तोवर सकाळचा चहा झाला होता. प्रकल्पाचे तपशील मला ठाऊक नव्हते आणि ते कळल्यावर मी प्रसार थांबवला, असं त्यांनी कळवलं. तीन दिवसांनी टीव्हीवर त्यांनी जो फरक सांगितला तो मला भाषेच्या दृष्टीने फार आवडला : मी प्रचार केला नाही, मी फक्त ते लोकांपर्यंत पोहोचवलं. शिवाय जुगाराच्या अड्ड्यावर जाऊन हरलात तर तक्रार कसली, हेही ऐकवलं. लहान उद्योगांचा प्रकल्प तीन दिवसांत जुगाराचा अड्डा झाला होता, फक्त पाटी बदलायची राहिली होती. जून 2025 मध्ये अर्जेंटिनाच्या भ्रष्टाचारविरोधी कार्यालयाने त्यांनी नियम मोडलेला नाही असा निर्वाळा दिला.

आता जे मुळीच करू नये ते सांगतो. कारण नवशिके उत्साहात नेमकं तेच करतात आणि पैसे वाचवून बसतात.

पहिलं म्हणजे, सोलस्कॅन किंवा बीएससीस्कॅनसारख्या साइटवर नाण्याचा पत्ता टाकून धारकांच्या यादीचं पान उघडू नये. तिथे वरच्या दहा पाकिटांत किती टक्के नाणी आहेत ते छापलेलं असतं. यातलं एखादं पाकीट हौदाचंच असतं, ते वगळायचं. उरलेल्या नऊ जणांकडे अर्धा माल दिसला तर झोप उडते. कधी कधी यादी सभ्य दिसते, दहाही जणांकडे दोन-दोन टक्के. अशा वेळी त्या दहा पाकिटांत पहिले पैसे कुठून आले हे बघायचा मोह होतो. दहाही ठिकाणी एकाच पाकिटातून, एकाच तासात पैसे आले असतील तर ते दहा जण नाहीत, दहा खिशांचा एकच सदरा आहे.

तसंच हौदातल्या डॉलरचा आकडा आणि मार्केट कॅप शेजारी शेजारी ठेवून बघू नये. डेक्सस्क्रीनरवर दोन्ही एकाच पानावर असतात, त्यामुळे डोळे मिटण्याची सवय लावून घ्यावी लागते. वर चार कोटी आणि खाली वीस हजार असं दिसलं तर आपण मघाच्या उदाहरणातले ‘तुम्ही’ आहोत हे ओळखू येतं.

आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे मोठी रक्कम टाकण्याआधी दहा डॉलरची नाणी घेऊन ती लगेच विकून बघणं. तिने ऑक्टोबर 2021 मध्ये बऱ्याच जणांची मजा घालवली असती. तेव्हा स्क्विड गेम या कोरियन मालिकेचं वेड होतं आणि त्याच नावाचं एक नाणं बायनान्सच्या साखळीवर 26 ऑक्टोबरला आलं. मालिका दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. कल्पना अशी की मालिकेसारखे खेळ खेळा आणि नाणी जिंका. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी ‘हजारो टक्के वाढ’ म्हणून बातम्या दिल्या. भाव एका सेंटवरून निघाला आणि वाढत राहिला, फक्त वाढतच राहिला, कधी खाली आलाच नाही. लोकांना ते शुभलक्षण वाटलं. खरं कारण साधं होतं : विकताच येत नव्हतं. विकायला ‘मार्बल’ नावाचं दुसरं नाणं लागत होतं, ते मिळवायला खेळ खेळावे लागणार होते आणि खेळ अजून सुरू झालेले नव्हते. ज्या बाजारात फक्त आत यायला दार आहे तिथे गर्दी वाढणारच. दहा डॉलर घालून विकून बघणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळलं असतं. टेलिग्रामवर बाहेरच्याला लिहिता येत नव्हतं, ट्विटरवर उत्तर देता येत नव्हतं. माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करू नका असं आमचे मास्तर सांगायचे, ते कुठल्या अर्थाने हे तेव्हा समजलं नाही.

1 नोव्हेंबरला भाव 2,861 डॉलरवर गेला. पाच-दहा मिनिटांनी तो सेंटच्याही दहाव्या भागाखाली होता. निर्माते सुमारे 33 लाख डॉलर घेऊन गेले आणि ते टोर्नाडो कॅश नावाच्या मिसळणयंत्रातून फिरवले, म्हणजे कुठले पैसे कुठे गेले ते जुळवता येऊ नये. साइट गेली, खाती गेली. जाता जाता टेलिग्रामवर निरोप मात्र ठेवला होता : कुणीतरी आमचा प्रकल्प हॅक करायला बघतंय, फसवणूक करणाऱ्यांमुळे आम्ही निराश झालो आहोत, फार ताण आला आहे, म्हणून पुढे चालवायची इच्छा नाही. खिसा कापून झाल्यावर खिसेकापूने तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडावं, असा हा निरोप आहे. तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला त्याचं कौतुक वाटलं.

एक प्रामाणिक सूचना. दहा डॉलरची परीक्षा एखादं नाणं पास झालं म्हणून ते चांगलं ठरत नाही. काही करारांत मालकाला नंतर विक्री बंद करण्याचा किंवा विक्रीवर नव्याण्णव टक्के कर लावण्याचा अधिकार राखलेला असतो. सकाळी उघडं असलेलं दार दुपारी भिंत होऊ शकतं. आणि लिब्रात तर दार शेवटपर्यंत उघडंच होतं, फक्त बाहेर पडल्यावर हातात काही यायचं नाही.

पैसे बुडाले. अभिनंदन. आता पुढच्या गोष्टी न गोंधळता कराव्यात.

फोनच्या पाकिटात नाणी दिसत राहतील, तुम्ही घाबरून जाऊ नये म्हणून नाही, तर साखळीवरून काही पुसलं जात नाही म्हणून. तुमची पाच लाख नाणी पाच लाखच आहेत, कुणीही एकसुद्धा चोरलेलं नाही. मग आयकराचा विचार करा. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. तोटा मात्र तुमचा खासगी : तो पगारातून वजा होत नाही, शेअरच्या नफ्यातून होत नाही, दुसऱ्या नाण्यात कमावलं असेल तर त्यातूनही होत नाही आणि पुढच्या वर्षी नेता येत नाही. म्हणजे मार्चमध्ये एका नाण्यात लाख मिळवले आणि दुसऱ्यात लाख घालवले, तर हातात शून्य आणि सरकारला तीस हजार, वर उपकर. तेलही गेलं, तूपही गेलं आणि धुपाटण्यावर कर बसला.

यानंतर दोन-चार दिवसांत एक सभ्य गृहस्थ मेसेज करतील. तुमचे बुडालेले पैसे साखळीवर कुठे आहेत ते आम्ही शोधलंय, थोडी आगाऊ फी भरा. हे त्याच वर्गाचे दुसरे सत्र आहे, इच्छुकांनी प्रवेश घ्यावा.

पैसे खरोखर परत मिळतात का, असं काही जण विचारतात. मिळतात. लिब्राच्या प्रकरणात हेडन डेव्हिस हे निर्मात्यांच्या बाजूचे मुख्य गृहस्थ. 30 जानेवारीला त्यांचा राष्ट्राध्यक्षांबरोबर सरकारी प्रासादात फोटो निघाला होता आणि हे मला ब्लॉकचेनवर सल्ला देतात असं मिलेई यांनी लिहिलं होतं. डेव्हिस पळाले नाहीत. त्यांनी मुलाखत दिली. हा रग पुल नव्हे, बेत फसला, सुमारे दहा कोटी डॉलर माझ्याकडे आहेत आणि मी त्यांचा मालक नाही, राखणदार आहे, असं त्यांचं म्हणणं. सतरंजी ओढून ती नीट घडी करून ठेवली आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्यांनी एकाला पन्नास लाख डॉलर परतही केले. तो डेव्ह पोर्टनॉय, अमेरिकेतला लाखो अनुयायी असलेला माणूस. तुमचे अनुयायी किती आहेत ते आधी मोजून ठेवावं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस ते 5 कोटी 76 लाख यूएसडीसी गोठवले होते, ऑगस्टमध्ये मोकळे केले.

राहिली पोलिसात तक्रार. 1930 हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक लगेच फिरवायचा असतो, कारण बँकेतून बँकेत गेलेले पैसे पहिल्या काही तासांत अडवता येतात. हौदातून उपसलेल्या पैशांना बँक नसते, पण नोंद करावी. ठाण्यात गेलात की समोरचे हवालदार सरळ प्रश्न विचारतील.

“आरोपीचं नाव?”

“नाव नाही साहेब. पत्ता आहे.”

“चालेल. पत्ता सांगा.”

तुम्ही फोन काढाल आणि वाचायला लागाल : बी मोठा, ओ छोटा, नऊ, जे छोटा, एच छोटा, तीन. असं चव्वेचाळीस अक्षरं. साहेब विसाव्या अक्षरापर्यंत लिहून घेतील, मग पेन खाली ठेवतील, तुमच्याकडे बघतील आणि विचारतील :

“तालुका?”